आयल्सा क्रेग, मुक्काम पोस्ट बोरगाव

परदेशी बियाण्याच्या पाकिटाला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूचं चित्र बघून माणूस पाकीट फोडतो आणि मागच्या बाजूचा मजकूर वाचायला चष्मा शोधतो. तोवर पाकीट फुटलेलं असतं, त्यामुळे पेरण्यावाचून गत्यंतर नसतं. आमच्या बोरगावात आबांच्या घरी अशी तीन पाकिटं आली. त्यांचा पुतण्या इंग्लंडात असतो. दिवाळीला आला तेव्हा चॉकलेटच्या डब्याखालून त्यानं एक कांद्याचं, एक लेट्यूसचं आणि एक फ्लॉवरचं पाकीट काढलं आणि "काका, तिकडं असले कांदे येतात," म्हणून दोन्ही हातांनी कलिंगडाचं माप दाखवलं.

असं बियाणं बॅगेत घालून आणता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे त्याला आयातीचा परवाना लागतो आणि निघाल्या देशाच्या सरकारी खात्याचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. २०२० साली जगभर लोकांच्या घरी न मागवलेली बियांची पाकिटं टपालानं येऊ लागली, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानंही राज्यांना सावध केलं होतं. पुतण्याला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मास्तर, त्यांनी माझा लॅपटॉप उघडून बघितला, काकूच्या साडीची पिशवी उघडून बघितली. कांदा कोण बघतंय?" रोग बियांतूनही प्रवास करतात आणि कायदा त्या कांद्यासाठीच आहे, हे त्याला पटेपर्यंत त्याची सुट्टी संपली.

आबांची जमीन दूधगंगेच्या पट्ट्यातली, काळी. ऊस, सोयाबीन, थोडा तंबाखू. बियाण्याच्या पाकिटाशी त्यांचा संबंध नवा नाही. निपाणीच्या दुकानात मिळणाऱ्या पाकिटावर कन्नड असतं, इंग्रजी असतं, आणि मराठी दुकानदाराच्या तोंडी असतं. तो म्हणतो, "आबा, मृगात टाका," की आबा मृगात टाकतात. या पाकिटांना मात्र दुकानदार नव्हता. म्हणून बारावीतल्या नातवाला वाचायला बसवलं, आणि त्याला अडलं की मला हाक.

पाकिटाच्या मागे बारा चौकोनांची एक पट्टी होती. प्रत्येक चौकोनात महिन्याचं पहिलं अक्षर. त्यात तीन जे, दोन एम आणि दोन ए. आबांनी ती पट्टी बराच वेळ न्याहाळली. "मास्तर, ह्येच्यात वाहन कुठं दिलंय?" कॅलेंडरात प्रत्येक पाऊस-नक्षत्रापुढं वाहन छापलेलं असतं. म्हैस असेल तर पाऊस बरा, गाढव असेल तर मध्यम, कोल्हा असेल तर देवच राखो. आबा त्यावर पूर्ण विश्वास ठेवतात असं नाही, पण बियाण्याच्या कागदावर एकही जनावर नाही म्हटल्यावर तो कागद त्यांना अर्धवट वाटला.

आबांच्या नक्षत्रांत एक शहाणपण आहे, ते मात्र खरंच बघण्यासारखं आहे. आपले चैत्र-वैशाख चंद्राचे, त्यामुळे ते इंग्रजी तारखांच्या मागेपुढे सरकत राहतात आणि मधेच अधिक महिना येऊन बसतो. पेरणी ज्येष्ठावर ठेवली, तर एका वर्षी आणि दुसऱ्या वर्षी तीन-तीन आठवड्यांचा फरक पडेल. नक्षत्रं मात्र सूर्याची. सूर्य मृगात दरवर्षी ७ जूनच्या आसपास जातो, आर्द्रात २१-२२ जूनला. म्हणजे शेतकऱ्याचं पंचांग सूर्याचं आहे, आणि इंग्लंडच्या पाकिटावरची पट्टीही सूर्याचीच आहे. दोन्ही कागद एकाच सूर्याचे, फक्त तो सूर्य तिकडं वेगळा वागतो.

"फ्रॉस्टची भीती गेल्यावर बाहेर लावा," नातवानं वाचलं.

"म्हंजे काय?"

"दहिवर गोठून बर्फ होतंय, ते."

"आमच्याकडं गेलंच की! येतंयच कुठं?" आबा म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीनं ती अट जन्मापासूनच पुरी झालेली होती. इंग्लंडच्या पाकिटाचं सगळं वेळापत्रक या एका ओळीवर उभं असतं. रात्री शून्याखाली तापमान गेलं की कोवळी रोपं जळतात, म्हणून तिथला बागवान मार्चपासून मे महिन्यापर्यंत शेवटच्या हिमकडाक्याची वाट बघत असतो. "मार्च-एप्रिल" हा त्या पाकिटावरचा महिना नाही, तो "बर्फ संपत आला, माती थोडी उबदार झाली" या वाक्याचा संक्षेप आहे. माती उबदार म्हणजे किती, तर ८-१० अंश. बोरगावात मार्चमध्ये ते १० अंश फ्रिजमध्ये मिळतात.

पण आबा कागदाला मान देणारे. पाकिटावर मार्च आहे, तर मार्च. दिवाळीला आलेलं बी त्यांनी संक्रांत ओलांडून शिमग्यापर्यंत ठेवलं. नेमकी हीच चार महिन्यांची खिडकी या तिन्ही पिकांसाठी आपल्याकडं बरी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बोरगावात दिवसा २९-३० आणि पहाटे १४-१५ अंश असतात. इंग्लंडातल्या चांगल्या जुलैच्या जवळ जाणारं हवामान आपल्याकडं त्याच वेळेला असतं, आणि पाकिटावरच्या पट्टीत ते चौकोन कोरे होते.

मार्चमध्ये लेट्यूस पेरलं. त्यावर लिहिलं होतं, "काचेखाली पेरा." आबांनी जुन्या खिडकीचं तावदान काढून ट्रेवर ठेवलं. इंग्लंडात मार्चमध्ये ऊन तिरपं आणि थंड असतं, काचेखाली जरा ऊब साठते. बोरगावात शिमग्याच्या उन्हात काचेखाली दुपारी जे साठतं, त्यात बी उगवत नाही, शिजतं. त्यात लेट्यूसचं बी आणखी लहरी. १५ ते २० अंशांत ते चार-पाच दिवसांत डोकं वर काढतं. २७-२८ अंशांच्या वर गेलं की बरेच वाण झोपून घेतात. बी मेलेलं नसतं. "हा उन्हाळा दिसतोय, आत्ता उगवलो तर मरेन," असा त्याचा पक्का समज असतो, आणि बोरगावपुरता तो खराही असतो. आबा रोज पाणी शिंपडायचे, बी रोज झोपायचं. मी सुचवलं की उरलेलं बी ओल्या कापडात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी सावलीत पेरा. तसं केल्यावर उगवलंही. मग एप्रिल आला, पानं कडू झाली आणि मधून दांडा वर निघाला. वहिनींनी एक पान तोंडात घातलं आणि म्हणाल्या, "ह्यापरास कारलं गोड."

तिसऱ्या पाकिटावर, फ्लॉवरच्या, "हार्डी" असं ठळक छापलं होतं. नातवानं शब्दकोश बघून "काटक" सांगितलं. भाषांतर चूक नाही, पण काटक कशापुढं, हे कोशात नव्हतं. इंग्रजी पाकिटावरचं हार्डी म्हणजे थंडीला काटक, बर्फातही तग धरणारं. उन्हापुढं त्याची काय गत होते, याबद्दल पाकीट अवाक्षर काढत नाही, कारण तिकडं तो प्रश्न कधी आलाच नाही. आबांनी काटक म्हणून रोपं सरळ उघड्यावर मांडली. "दहा दिवस रोपं बाहेर काढून सवय लावा," असंही लिहिलेलं होतं. तिकडं ती सवय उबेतून थंडीत जायची. आपल्याकडं रोपाला उलटी सवय लागते. पाणी हळूहळू कमी करायचं, सावलीतून उन्हात न्यायचं. दोन्हीचं नाव एक, फक्त दिशा विरुद्ध.

ऊन म्हणाल तर पाकिटावर "पूर्ण ऊन" लिहिलं होतं आणि "दक्षिणेकडच्या भिंतीजवळ" असा सल्लाही होता. लंडन साडेएकावन्न अंशांवर आहे. तिथं भर उन्हाळ्यातही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेच्या बाजूनंच फिरतो, म्हणून दक्षिणेची भिंत तापते आणि बागवानाला ती हवीशी वाटते. बोरगाव साडेसोळा अंशांच्या आसपास. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या पायातच जिरते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे पाकिटाच्या सल्ल्याप्रमाणे उबेसाठी धरलेल्या दक्षिण भिंतीला जून महिन्यात भर दुपारी सावली! आबांनी हे ऐकलं आणि प्रथमच पाकिटाकडं जरा दयेनं बघितलं.

"कोरड पडल्यास पाणी द्या" ही ओळ जुलैमध्ये वाचायची होती. जुलैत आमच्याकडं पाणी द्यायला कुणाला जावं लागत नाही, दूधगंगा स्वतः येते.

आता कांदा. या तिघांत खरं नाटक कांद्याचंच झालं, आणि सांगण्यासारखं जे आहे ते त्यातच आहे.

वाण होता आयल्सा क्रेग. स्कॉटलंडच्या समुद्रात त्या नावाचं एक खडकाळ बेट आहे, त्यावरून नाव. एकोणिसाव्या शतकातला जुना वाण, मोठ्या कांद्यांच्या स्पर्धांसाठी ओळखला जाणारा. तिकडच्या लोकांना या स्पर्धेचं भलतं वेड आहे. काही जण २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, घरात दिव्याखाली कांदा पेरतात. हॅरोगेटच्या प्रदर्शनात २०२३ साली एक कांदा जवळजवळ ९ किलोचा निघाला होता, वाण वेगळा असला तरी. पुतण्याचं कलिंगडाचं माप त्यामुळे अगदी थापेत जमा करता येत नाही.

आबांनी वाफा केला. इथं पाकिटाची एक ओळ त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. "अर्धा इंच खोल पेरा." बी किती खोल जावं, हे बियाच्या आकारावर ठरतं. त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर, एवढा साधा हिशेब, आणि तो लंडनला आणि बोरगावला सारखाच लागू. लेट्यूसच्या पाकिटावरही "बी झाकू नका, त्याला उजेड लागतो" असं होतं. त्यावर आबा हसले. त्यांचं अर्धं आयुष्य तंबाखूचं तरू टाकण्यात गेलेलं. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त भरतं. ते राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर फेकायचं, वर माती ओढायची नाही, पाणी झारीनं द्यायचं. उजेड लागणारं बी त्यांना इंग्रजांनी शिकवायचं कारण नव्हतं. पण आपल्या काळ्या रानाची एक अडचण पाकिटात नव्हती. तिच्यावर पाऊस पडून ऊन लागलं की खपली धरते, आणि कांद्याचा कोंब खपली फोडू शकत नाही. म्हणून वर माती न ओढता चाळलेल्या शेणखताचा पातळ थर दिला. बी उगवलं. आबा खूश झाले.

मग आलं अंतर. "ओळींत एक फूट अंतर ठेवा, रोपं चार इंचांवर विरळ करा." ओळीसाठी पाकिटात "ड्रिल" हा शब्द होता. नातवानं जाऊन चुलत्याच्या वर्कशॉपमधून भोकं पाडायचं यंत्र आणलं होतं, ते मी परत पाठवलं. ती म्हणजे कुरीच्या फणामागं पडते ती काकरी, एवढं सांगितल्यावर काम भागलं. विरळणीचं मात्र भागलं नाही. तिकडं कांदा जागेवरच पेरतात आणि उगवल्यावर मधली रोपं उपटून टाकतात. आपल्याकडं रोप तयार करायचं, सहा-सात आठवड्यांनी काढून दुसऱ्या वाफ्यात लावायचं, आणि उरलेलं रोप गावात ज्याला हवं त्याला द्यायचं किंवा विकायचं. उगवलेलं रोप उपटून फेकायचं, हे आबांना फार लागलं. "एवढं पाजून-पोसून उपटायचं? त्येंच्याकडं बी फुकट मिळतंय काय?"

बी फुकट नव्हतं, हे हिशेबावरून कळलं. आबांचा पहिला प्रश्न, "एकरी किती?" पाकिटात साधारण तीनशे बिया, म्हणजे ग्रॅमभर. फूट बाय चार इंच या हिशेबानं त्यातून जेमतेम ९ चौरस मीटर जागा भरते. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, तेव्हा एका गुंठ्याला अकरा पाकिटं आणि एकराला साडेचारशे. आबांनी पाकीट उलटं करून किंमत बघितली, मनातल्या मनात साडेचारशेनं गुणलं आणि पुतण्या नक्की काय नोकरी करतो, याची चौकशी केली. इंग्रजी पाकीट परसबागेसाठी असतं. तिथलं फुटाचं अंतर कांद्याला लागतं म्हणून नसतं, मधून खुरपं घेऊन माणसाला जाता यावं म्हणून असतं. शिवाय मोठा कांदा हवा तर जागा जास्त सोडतात, मध्यम हवा तर कमी. आपला बाजार मध्यम कांद्याचा, म्हणून आपल्याकडं सपाट वाफ्यात ओळीत १५ आणि रोपांत १० सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच बाय चार इंच. तेवढ्या पाकिटात जागाही निम्मीच लागते. पावसाळी कांद्याला मात्र दाटी चालत नाही. पानं ओलीच राहिली की करपा येतो, पानावर जांभळट चट्टे पडतात आणि शेंडे जळत जातात. तेव्हा अंतर पाकिटावरून घ्यायचं नाही, हवा किती दमट आहे आणि माल कुठल्या बाजारात जायचा, यावरून घ्यायचं.

आबांनी शेवटी आपल्या पद्धतीनं लावण केली. मे महिन्यात सावली धरली, पाणी दिलं, पाऊस आला, रोपं जगली. नुसती जगली नाहीत, फोफावली. जुलै-ऑगस्टपर्यंत हिरवीगार, जाडजूड पात, गुडघ्याच्या वर गेलेली. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. आबा म्हणायचे, "विलायती हाय." पाकिटावर शेवटची ओळ होती, "पात आडवी पडली की काढणी करा." ही ओळ अगदी ओळखीची. आपल्याकडंही निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढणीला सुरुवात करतात. आबा मान पडायची वाट बघत बसले.

मान पडेना. ऑगस्ट गेला, गणपती आले, गणपती गेले. शेजारच्या वावरातला देशी कांदा कधीच माना टाकून मोकळा झाला, हा विलायती मात्र ताठ उभा. आबांनी एक उपटून बघितला. खाली गड्डा नव्हताच. वर अंगठ्याएवढी जाड मान आणि खाली तेवढंच जाड बूड. दुसरा उपटला, तोही तसाच. खत जास्त झालं का, पाणी जास्त झालं का, नजर लागली का, अशी चर्चा झाली. नजरेच्या बाजूनं मतं जास्त होती.

कारण खताचं नव्हतं, पाण्याचं नव्हतं. कारण घड्याळाचं होतं. कांदा पात वाढवायचं थांबवून गड्डा भरायला कधी सुरुवात करतो, हे तो दिवसाच्या लांबीवर ठरवतो. प्रत्येक वाणाचा एक ठरलेला आकडा असतो. दिवस त्याहून मोठा झाला आणि हवेत ऊब असली की पानाच्या बुडात साठा होऊ लागतो, मान पोकळ होते आणि एक दिवस आडवी पडते. आयल्सा क्रेगसारख्या उत्तरेकडच्या वाणांना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. लंडनला २१ जूनच्या सुमारास दिवस साडेसोळा तासांच्याही वर जातो, म्हणजे त्यांची सोय आहे. बोरगावात वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा आणि सर्वांत लहान ११ तासांचा. आयल्सा क्रेग जूनमध्ये वाट बघत होता, जुलैत वाट बघत होता, १४ वा तास काही आला नाही. त्याच्या हिशेबानं अजून वसंतच चालू होता. त्यामुळे तो पात वाढवत राहिला. आबा कांद्याची वाट बघत होते आणि कांदा दिवसाची, आणि दोघांनाही कुणी सांगत नव्हतं.

लेट्यूसला सावली देता येते, फ्रिज देता येतो, पेरणीचा महिना पुढं-मागं करता येतो. कांद्याच्या या आडमुठेपणाला काहीच इलाज नाही. त्याला कितीही चांगलं खत द्या, कुठल्याही नक्षत्रात लावा, बोरगावचा दिवस १४ तासांचा होत नाही. वीज लावून करता येईल, पण त्या बिलात कांदा विकत घेऊन गावजेवण घालता येईल.

आपले देशी वाण याच कारणानं वेगळे. पठारावरचे आपले कांदे ११-१२ तासांच्या दिवसावर गड्डा धरणारे. म्हणून डिसेंबर-जानेवारीत लावलेला रब्बी कांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस १२ तासांवर आला आणि ऊन चढू लागलं की भरतो, आणि एप्रिलमध्ये काढणीला येतो. आयल्सा क्रेगच्या जातीचे लांब दिवसाचे वाण आपल्या देशात काश्मीर-हिमाचलच्या थंड डोंगराळ भागात लावतात. ब्राउन स्पॅनिश हा त्यातला नावाजलेला. आणि उलटही खरं आहे. आपला कांदा तिकडं नेऊन मार्चमध्ये पेरला, तर एप्रिललाच दिवस १३-१४ तासांवर गेलेला असतो. रोप बोटभर असतानाच त्याला वाटतं की वेळ झाली, आणि तो सुपारीएवढा गड्डा धरून मान टाकतो. पुतण्या पुढच्या दिवाळीला परत जाताना निपाणीचा कांदा घेऊन जाऊ म्हणत होता. तिकडचाही कायदा तितकाच कडक आहे, हे सांगून मी त्याची आणि त्या कांद्याची दोघांची इभ्रत वाचवली.

फ्लॉवरचं काय झालं, ते थोडक्यात. मार्चमध्ये लावलेल्या त्या वाणाला गड्डा धरायला १० ते १६ अंशांची थंडी लागत होती. त्यानं पानं मात्र भरपूर दिली, ती शेळीनं खाल्ली. शेळीचं मत चांगलं होतं.

हा घोळ आबांच्या घरी पहिल्यांदा झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात इकडं नोकरीला आलेले गोरे साहेब दरवर्षी विलायतेहून बियाणं मागवायचे आणि तिकडच्या महिन्यांवर पेरून हात चोळत बसायचे. पुण्याच्या गणेशखिंड वनस्पती उद्यानाचे जॉर्ज मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं, ते या अशाच मंडळींसाठी. विलायती भाज्या पावसाळा सरल्यावर लावायच्या, हे तेव्हापासून इकडच्या बागवानांना पाठ आहे.

फ्लॉवरचा किस्सा तर त्याहून जुना. १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत इंग्लंडहून फ्लॉवर आला, आणि त्याचं बी मैदानी उन्हात धरायची खटपट सुरू झाली. बहुतेक झाडं वाया गेली. जी थोडी उन्हातही गड्डा धरून पुढं बियावर आली, त्यांचंच बी पुढच्या वर्षी ठेवलं. असं वर्षानुवर्षं करता करता एक देशी फ्लॉवर तयार झाला, जो २० अंशांच्या वरही गड्डा धरतो. त्याच्या गटांना उत्तरेतल्या माळ्यांनी नावं दिली, ती बघा. कुंवारी, कातकी, अघनी, पूसी, माघी. म्हणजे आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ, ज्या महिन्यात गड्डा तयार होतो तो महिना. इंग्लंडच्या बियाला शेवटी आपलं पंचांग पाठ करावं लागलं, आणि त्याला शंभरेक वर्षं लागली. आबांनी पाच महिने दिले होते. जो खरा थंडीचा स्नोबॉल फ्लॉवर आपण हिवाळ्यात खातो, त्याचं बी आजही मैदानात धरत नाही, ते कुलू खोऱ्यातल्या कटराईनसारख्या थंड जागी तयार करतात.

आबांनी आयल्सा क्रेग शेवटी पातीचा कांदा म्हणून काढला. चवीला गोड होता. वहिनींनी त्याचा झुणका केला, दोन गड्ड्या शेजाऱ्यांकडं गेल्या, आणि पुतण्याला फोटो पाठवला तो पातीचाच, गड्डा चौकटीत येणार नाही असा. त्यानं उत्तर पाठवलं, "वा! किती किलोचा आहे?"

तेव्हा तुमच्याही घरी कुणी असं पाकीट आणलं, किंवा इथल्याच दुकानात परदेशी चित्राचं पाकीट मिळालं, तर पाकिटावरचे महिने अंगठ्यानं झाका. उरलेल्या मजकुरात तापमान लिहिलेलं असेल तर ते घ्या, आणि ते आपल्या गावात कुठल्या महिन्यात असतं ते बघा. बी किती खोल टाकायचं आणि झाकायचं की नाही, एवढं पाकीट सांगेल तसं करा. अंतर शेजारच्या वावरात जाऊन मोजा. आणि पाकीट कांद्याचं असेल तर बारीक अक्षरांत "लाँग डे" हे शब्द आधी शोधा. ते सापडले तर पातीसाठी लावा, गड्ड्याची आशा धरू नका. गड्डा हवा असेल तर पावसाळ्यासाठी बसवंत ७८० किंवा एन-५३, हिवाळ्यासाठी एन-२-४-१, नाहीतर राजगुरूनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा वाण मागा. रब्बीचं रोप दिवाळीच्या सुमारास टाका. एकराला अडीच ते तीन किलो बी लागतं, आणि ते पाकिटं मोजून घ्यावं लागत नाही.